डबा किती दिवसांत रिकामा होतो?

जवळा बाजारच्या कुठल्याही किराणा दुकानात आज तेल घ्यायला गेलं, तर समोर सोयाबीनच्या पिशव्यांची थप्पी असते, तिच्या शेजारी सूर्यफूल, वरच्या फळीवर राईस ब्रान, एखाद्या कोपऱ्यात मोहरीच्या तेलाची बाटली, आणि शेंगदाणा तेलाचा डबा मागितला तर भाव ऐकून माणूस दोनदा विचार करतो. त्यात गेल्या काही वर्षांत मोबाइलवर एक नवा इशारा फिरू लागला आहे : बियांची तेलं विष आहेत, सूर्यफूल आणि करडईमुळे शरीरात दाह होतो, त्यापेक्षा तूप किंवा चरबी बरी. हा वाद मुळात अमेरिकेतला. तिथले आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी यांनीही तो उचलून धरला, त्यामुळे त्याला आणखी धार आली. तिथे ज्या आठ तेलांवर बोट ठेवतात, त्यांत सूर्यफूल, करडई, सोयाबीन, सरकी, मका, द्राक्षबी, कॅनोला आणि राईस ब्रान येतात. शेंगदाणा मात्र त्या यादीत नाही. मोहरीही नाही, पण तिचं सख्खं भावंड असलेला कॅनोला आहे. आपल्याकडे करडई, तीळ, जवस, शेंगदाणा यांपैकी कुठलंही तेल बियांपासूनच निघतं. तेव्हा ‘बियांचं तेल’ या शब्दाने काहीच ठरत नाही. बीतून निघालेल्या तेलात काय आहे आणि ते आपण किती खातो, हे पाहावं लागतं.

आरोप कशावर आहे ते आधी नीट समजून घेऊ. या तेलांमध्ये लिनोलिक आम्ल नावाचा एक घटक भरपूर असतो. ओमेगा-6 म्हणून जे सांगतात ते मुख्यतः हेच. शरीर ते स्वतः बनवू शकत नाही, त्यामुळे थोडं खाणं आवश्यकच आहे. पण त्यापासून शरीरात पुढे दाह वाढवणारी द्रव्यं तयार होतात, म्हणून ते जास्त खाल्लं की सगळ्या शरीरात धग लागते, असं म्हणणं आहे. ऐकायला हे सरळ वाटतं, पण माणसांवर तपासून पाहिलं तेव्हा साखळी मधेच तुटते. आहारातलं लिनोलिक आम्ल वाढवलं तरी दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या चाचण्या वाढलेल्या दिसत नाहीत, आणि ज्या पुढच्या द्रव्याचा धाक घातला जातो, त्याचं रक्तातलं प्रमाणही फारसं हलत नाही. शिवाय ज्यांच्या रक्तात लिनोलिक आम्ल अधिक असतं, अशा लोकांचा वर्षानुवर्षं माग ठेवल्यावर हृदयविकाराचं प्रमाण त्यांच्यात जास्त नव्हे, थोडं कमीच आढळलं. 2019 साली अनेक देशांतल्या 30 पाहणी अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून हेच पुढे आलं. अशा पाहण्यांवरून कारण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण ज्याला विष म्हणायचं, त्याची खूण उलट्या दिशेने तरी दिसायला नको होती.

तरीही हा आरोप अगदी हवेतून आलेला नाही. त्यातला सर्वांत वजनदार पुरावा मराठवाड्याला आपला वाटावा असा आहे, कारण तो करडईच्या तेलाचा आहे. 1966 ते 1973 या काळात ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात, नुकताच हृदयविकाराचा त्रास होऊन गेलेल्या 458 पुरुषांवर एक प्रयोग झाला. अर्ध्यांच्या आहारातली प्राणिज चरबी काढून तिच्या जागी करडईचं तेल आणि त्याच तेलाचं मार्गारिन देण्यात आलं. जुनी आकडेवारी शोधून काढून 2013 साली ती नव्याने तपासली, तेव्हा करडईच्या गटात 17.6 टक्के माणसं दगावली होती आणि दुसऱ्या गटात 11.8 टक्के. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या तशाच एका मोठ्या प्रयोगात मक्याचं तेल दिलं होतं. तिथे कोलेस्टेरॉल खाली आलं, पण आयुष्य वाढलं नाही. याउलट लॉस एंजेलिसच्या निवृत्त सैनिकांवरच्या प्रयोगात अशाच तेलांनी हृदयविकाराचे झटके कमी झाले. असे प्रयोग तपासून अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने 2017 साली, प्राणिज चरबीच्या जागी ही तेलं आल्याने फायदाच होतो, असा निर्वाळा दिला. सिडनीच्या मार्गारिनमध्ये त्या काळच्या पद्धतीनुसार ट्रान्स चरबी असण्याची दाट शक्यता आहे, असाही आक्षेप घेतला जातो. थोडक्यात, प्रयोगांचे निकाल एकमेकांशी भांडतात. पण या भांडणात एक गोष्ट बहुतेक सगळे विसरतात : त्या माणसांना हे तेल दिलं किती?

सिडनीच्या त्या गटाला दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी साधारण 15 टक्के ऊर्जा एकट्या लिनोलिक आम्लातून मिळत होती, आणि मिनेसोटात 13 टक्क्यांच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न संघटना यांच्या तज्ज्ञांनी ओमेगा-6 साठी सुचवलेली मर्यादा अडीच ते 9 टक्क्यांची आहे. आता हा हिशेब आपल्या स्वयंपाकघरात करून पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या मार्गदर्शनात, 2000 कॅलरींच्या ताटासाठी माणशी दिवसाला सुमारे 27 ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. म्हणजे छोट्या चमच्याने सहा चमचे. चौघांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास. या हिशेबाने 15 किलोचा डबा साडेचार महिने पुरायला हवा. तो अडीच महिन्यांत तळाला गेला, तर घरात माणशी दिवसाला 50 ग्रॅम तेल जातं आहे. वेफर, शेव, हॉटेलातली भजी यांचं तेल यात धरलेलंच नाही.

हे 50 ग्रॅम साध्या सूर्यफुलाचे असतील, तर त्यातले 30 ग्रॅमच्या वर नुसतं लिनोलिक आम्ल असतं. त्याची ऊर्जा भरते दिवसाच्या 14 टक्क्यांच्या घरात. म्हणजे अडीच महिन्यांत डबा संपवणारं घर नकळत सिडनीच्या प्रयोगात जाऊन बसलं. तेच घर साडेचार महिने डबा पुरवतं, तेव्हा सूर्यफुलातूनही हे प्रमाण साडेसात टक्क्यांवर राहतं आणि तक्रारीला जागा उरत नाही. शेंगदाण्याचं तेल 50 ग्रॅम खाल्लं, तरी लिनोलिक आम्ल सात टक्क्यांच्या आतच राहतं, कारण त्यात ते जेमतेम 30 टक्के असतं. मात्र त्या 50 ग्रॅममधून रोज साडेचारशे कॅलरी पोटात जातात, त्या कुठल्याही तेलाने कमी होत नाहीत. तेव्हा ‘बियांच्या तेलाने घात होतो’ या म्हणण्यात जे काही खरं आहे, ते प्रमाण दुप्पट झालं की खरं होऊ लागतं. डबा उघडताना त्यावर तारीख लिहून ठेवणं ही या बाबतीत घरातली सर्वांत विश्वासाची चाचणी आहे. पिशव्या आणत असाल, तर पिशवीवरचं वजन वाचा, कारण एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम असतं आणि तशाच दिसणाऱ्या काही पिशव्यांत त्याहून कमी भरलेलं असतं.

इथे एक हमखास आक्षेप येतो : आमचे आजे-पणजे भाकरीवर, ठेच्यावर कच्चं करडईचं तेल ओतून खायचे, त्यांना काय झालं? हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा चांगला आहे. करडई मराठवाड्याचं जुनं पीक, परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचे वाण काढले. आणि करडईच्या तेलात तब्बल 75 टक्क्यांच्या आसपास लिनोलिक आम्ल असतं, म्हणजे सूर्यफुलाहूनही जास्त. ‘बियांच्या तेलांनी नवे आजार आले’ या म्हणण्याला याहून मोठा अडसर नाही, कारण या भागाने सर्वांत ‘दोषी’ तेल पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं आहे. पण ते तेल घाण्यावरून तांब्याने येत असे, महाग पडे, पळीने मोजून वापरलं जाई आणि रोजच्या तळणात जात नसे. वरून ओतलेलं ते चमचाभर तेल कच्चंच खाल्लं जाई, आणि तेलाच्या बाबतीत उष्णतेने किती फरक पडतो ते पुढे बघूच. उरलेला दिवस शेतात जाई. आजोबांचा दाखला द्यायचा तर त्यांची पळीही सोबत घ्यावी लागेल.

प्रमाण आटोक्यात आलं की मग कोणतं तेल हा प्रश्न अर्थपूर्ण होतो, आणि तो सर्वांत जास्त महत्त्वाचा होतो तो कढईत. लिनोलिक आम्लाची रचना अशी आहे की गरम तेलात हवेशी त्याचा संयोग फार लवकर होतो. शेंगदाण्यात मुख्य असलेलं ओलिक आम्ल त्या मानाने कित्येक पट संथपणे बिघडतं. बिघडताना जी द्रव्यं तयार होतात, त्यांतली काही खरोखर त्रासदायक आहेत. म्हणून एका फोडणीपुरतं सूर्यफूल चालतं, पण चार दिवस तळणीचं तेल म्हणून तेच कढईत राहिलं तर ते चांगलं राहत नाही. इथे ‘धुराचा बिंदू’ पाहून फसू नका. शुद्ध केलेलं सूर्यफूल तेल सव्वादोनशे अंशांपर्यंत धूर देत नाही, म्हणून तळणीला उत्तम, असं सर्रास सांगतात. धूर कधी येतो यावरून तेल स्वच्छ किती आहे हे कळतं, ते उष्णतेत टिकेल किती हे कळत नाही. धूर न देताही तेल आतून बिघडत असतं.

बिघडलेलं तेल ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पुरी सोडल्यावर मोठे बुडबुडे येऊन फुटायला हवेत. त्याऐवजी बारीक, न विरणारा फेस चढू लागला, तेल काकवीसारखं दाटसर झालं, रंग काळपट झाला, नेहमीच्या आचेवरच धूर येऊ लागला किंवा नाकाला झोंबणारा वास आला, तर ते तेल संपलं. हॉटेलांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जुलै 2018 पासून तळणीच्या तेलातल्या बिघडलेल्या घटकांना 25 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. घरी ते मोजता येत नाही, म्हणून साधा नियम बरा. सणाला जेवढं लागेल तेवढंच तेल छोट्या, खोल कढईत घ्या. उरलेलं तेल गार झाल्यावर गाळा, दोन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवा आणि पुन्हा तळणीला घेऊ नका. जुन्या तेलात नवं तेल भरत राहण्याची सवय सर्वांत वाईट, कारण जुन्यातला बिघाड नव्यालाही लवकर लागतो.

आता शेंगदाणा, सूर्यफूल, राईस ब्रान आणि मोहरी या चौघांकडे पाहू. शेंगदाणा तेल रोजच्या फोडणीला सर्वांत सरस, असं माझं मत आहे : चव आपली, ओलिक आम्ल निम्म्याच्या आसपास, उष्णतेत धीराचं. संपृक्त चरबी त्यात 18 ते 20 टक्के असते, सूर्यफुलाच्या 11 टक्क्यांहून जास्त. पण 27 ग्रॅममध्ये हा फरक दोन ग्रॅमचा. त्याचे खरे धोके दुसरेच आहेत. पहिला बुरशीचा. ओलसर राहिलेल्या शेंगांवर जी हिरवट-पिवळी बुरशी धरते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं, यकृताला घातक विष तयार होतं. घाण्यावर दाणे गाळले की त्यातला बराच भाग ढेपेत जातो, पण न शुद्ध केलेल्या गढूळ तेलात थोडा उतरतोच. तेव्हा लाकडी घाण्यावर तेल काढून घेणार असाल, तर घाणा लाकडी आहे की लोखंडी याची चौकशी करण्याआधी दाणे पाहा. सुरकुतलेले, काळपट, बुरसट किंवा कडू दाणे निवडून टाकलेले असावेत. तेल दोन-तीन दिवस स्थिर ठेवून वरचं निवळलेलं घ्यावं, गाळ वापरू नये. तळणीला हे तेल घेऊ नका, त्यातल्या बारीक कणांमुळे ते 160 अंशांच्या आसपासच धुरावतं. तळायला शुद्ध केलेलं शेंगदाणा तेल घ्या. दुसरा धोका भेसळीचा, आणि तो ओळखण्याची एक बाजारी युक्ती आहे. एक किलो तेलाला घाण्यावर साधारण अडीच किलो दाणे लागतात आणि दीड किलो ढेप उरते. अडीच किलो दाण्यांचा त्या दिवसाचा भाव काढा, त्यातून दीड किलो ढेपेची किंमत वजा करा. जो आकडा येईल त्याच्या खाली कोणी ‘शुद्ध घाण्याचं’ तेल देत असेल, तर त्यात पाम किंवा सरकी गेली आहे असं समजायला हरकत नाही.

सूर्यफुलाबद्दल वर बरंच आलं. त्यात ई जीवनसत्त्व भरपूर असतं, चव फिकी असते, आणि माप पाळणाऱ्या घरात फोडणीला ते निर्धास्त चालतं. राईस ब्रानची गोष्ट वेगळी. भाताच्या कोंड्यातलं तेल गिरणीतून कोंडा निघाल्याबरोबर बिघडायला लागतं, म्हणून त्यावर लगेच प्रक्रिया करून ते द्रावकाने काढावं लागतं. ‘लाकडी घाण्याचं राईस ब्रान’ असं कोणी विकत असेल तर शंका घ्या. त्यातल्या ओरायझनॉल या घटकाने कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, याला आधार आहे. पण शुद्धीकरणाच्या एका पद्धतीत तो घटक बहुतेक निघून जातो आणि दुसरीत टिकतो, त्यामुळे ज्या डब्यावर ओरायझनॉलचं प्रमाण छापलेलं आहे तोच घ्या. तळणीला हे तेल सूर्यफुलापेक्षा बरं. मोहरीचं तेल आपल्या जिभेचं नाही, पण लोणच्याला ते हवंच. ते या चौघांत एकटंच असं, ज्यात ओमेगा-3 चांगलं, साधारण 10 टक्के असतं. त्यातल्या एरुसिक आम्लामुळे अमेरिकेत ते खाण्यासाठी विकता येत नाही. ती भीती उंदरांच्या हृदयावरच्या प्रयोगांतून आली, आणि उंदरांना हे आम्ल माणसापेक्षा फार वाईट पचतं. बंगाल-बिहारने पिढ्यान्‌पिढ्या ते खाल्लं आहे. तरी सगळा स्वयंपाक त्यावर करण्याचं कारण आपल्याला नाही. सुटं मोहरीचं तेल मात्र कधीच घेऊ नका. 1998 साली दिल्लीत पिवळ्या धोतऱ्याच्या बियांची भेसळ झालेल्या मोहरी तेलाने अंगावर सूज येऊन अनेकांचे जीव गेले. तो धोतरा इथल्या पडीक रानातही उगवतो, आणि त्याची बी मोहरीसारखीच दिसते.

सोयाबीनचं काय, हा प्रश्न हिंगोली जिल्ह्यात विचारला जाणारच, कारण शेतात तेच आणि पिशवीतही तेच. त्यात लिनोलिक आम्ल निम्म्याहून किंचित जास्त आणि ओमेगा-3 सात टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ते सूर्यफुलापेक्षा थोडं सौम्य, पण तळणीला तितकंच नाजूक. भाव परवडत नसेल तर फोडणीला सोयाबीन वापरण्यात काही चुकत नाही.

रिफाइंड तेलात हेक्झेन नावाचं रसायन असतं, मग घाण्याचंच बरं नव्हे का, असं काही जण विचारतात. हेक्झेन 69 अंशांना उकळतं, आणि तेल शुद्ध करताना ते दोनशे अंशांच्या वर वाफ सोडून तापवलं जातं, त्यामुळे उरणारा अंश नगण्य असतो. आपल्या नियमात त्याची मर्यादा दहा लाखांत पाच भाग इतकी आहे. शुद्धीकरणाने चव, वास आणि काही उपयोगी घटक जातात ही तक्रार रास्त आहे, पण बुरशीचं विषही त्याच वाटेने जातं. आणि तुपावर जावं म्हणणाऱ्यांना इतकंच की तुपात संपृक्त चरबी साठ टक्क्यांच्या वर असते. पोळीवर चमचाभर तूप हवंच, पण भाजीची सगळी फोडणी त्यात केली तर सिडनीच्या भीतीने उलट्या बाजूला जाऊन पडल्यासारखं होईल.

एक उणीव मात्र या वादात खरी आहे, ती ओमेगा-3 ची. सूर्यफूल आणि शेंगदाणा या दोन्हींत ते जवळजवळ नसतं. त्यासाठी महागडी बाटली आणायची गरज नाही. जवस भाजून केलेली चटणी मराठवाड्यात घरोघरी होती. भाकरीबरोबर तिचा एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे 10 ग्रॅम जवस, दोन ग्रॅमच्या आसपास ओमेगा-3 देतं. जवस अख्खं गिळलं तर तसंच बाहेर पडतं, म्हणून कुटायचं. आणि कुटलेलं लवकर खवट होतं, म्हणून आठवड्यापुरतंच. जवसाचं तेल तापवू नये.

चौघांच्या घरासाठी महिन्याची मांडणी यावरून अशी होते : दीड ते दोन किलो शेंगदाणा, फोडणीला आणि वरून घ्यायला. एक ते सव्वा किलो राईस ब्रान किंवा सूर्यफूल, जे परवडेल ते, पण तळण राईस ब्रानमध्ये किंवा शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात. मोहरीचं तेल लोणच्यापुरतं. दोन तेलं एकाच डब्यात मिसळून ठेवू नका, वेगवेगळी ठेवा, म्हणजे कुठलं किती लागलं ते कळेल. तेल उजेडापासून दूर, झाकण घट्ट, आणि शेगडीच्या शेजारी तर नकोच. शेंगदाण्याचा भाव चढला की त्याचं माप थोडं कमी करून सूर्यफूल वाढवता येतं. डब्यावरच्या तारखेचा हिशेब मात्र तोच राहील : चौघं असाल तर साडेचार महिने, आणि दिवाळी मधे आली तर चार.